मजुरीचा तास: पगारपत्रकातला आणि निर्णयातला

नेहमीच्या कामाखेरीज एखादे वेगळे, एकदाच करायचे काम वर्कशॉपकडे आले की ते कमीत कमी किती रुपयांना घेता येईल, हे ठरवावे लागते. मालाचा हिशेब फारसा अडत नाही. पत्रा, रॉड, गॅस यांची आजची किंमत बाजारात कळते. मजुरीचा हिशेब त्याहून सोपा वाटतो: कामाला किती तास लागतील ते काढायचे आणि तासाच्या दराने गुणायचे. पण ज्या कामगारांना हाताला काम असो वा नसो, महिन्याचा ठरलेला पगार मिळतो, त्यांच्या बाबतीत हा गुणाकार बहुतेक वेळा चुकतो. कधी तो मुळात न होणारा खर्च दाखवतो आणि घेण्याजोगे काम हातचे जाते. कधी खरोखर होणारा खर्च झाकून ठेवतो आणि फायद्याचे वाटणारे काम तोट्यात जाते.

परिव्ययशास्त्रात यासाठी ‘संबद्ध खर्च’ ही कल्पना आहे. एखादा निर्णय घेतल्यामुळे जो खर्च नव्याने होतो आणि तो निर्णय न घेतल्यास होत नाही, तेवढाच त्या निर्णयाशी संबद्ध असतो. दोन्ही बाजूंना सारखाच राहणारा खर्च निर्णयाच्या तराजूत ठेवण्याचे कारण नाही, कारण दोन्ही पारड्यांत तो सारखाच पडतो. मजुरीबाबत म्हणूनच ‘या कामगाराचा तासाचा दर काय?’ असे न विचारता ‘हे काम घेतले तर वर्कशॉपच्या तिजोरीतून जास्तीचे किती पैसे जातील, किंवा येणारे किती पैसे यायचे थांबतील?’ असे विचारावे लागते. या प्रश्नाचे उत्तर कामगार त्या काळात रिकामा आहे, पूर्ण गुंतलेला आहे की ओव्हरटाइम करणार आहे, यावर ठरते.

एका टाकीचे उदाहरण

कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीतले पंचवीसेक कामगारांचे एक काल्पनिक फॅब्रिकेशन वर्कशॉप डोळ्यांसमोर आणले तर हे नीट कळते. तिथले वेल्डर शेड, ट्रस, गेट असली बांधणीची कामे करतात. फिटरांचा गट वेगळा असून तो कारखान्यांचे पंप उघडून, बेअरिंग आणि सील बदलून, पुन्हा जुळवून देतो. ऑगस्ट महिना चालू आहे. पावसामुळे उघड्यावरची शेडउभारणी थंडावली आहे, त्यामुळे वेल्डरांकडे काम कमी आहे. फिटरांची स्थिती नेमकी उलटी आहे. पावसाळ्यात साखर कारखाने बंद असतात आणि गळीत हंगाम सुरू होण्याआधी त्यांना सगळी यंत्रे उघडून दुरुस्त करून घ्यायची असतात, म्हणून पंपांची रांग लागलेली आहे.

अशा वेळी एका साखर कारखान्याकडून मळी साठवण्याच्या टाकीचे काम येते. दोन आठवड्यांत टाकी तयार हवी. कामाला वेल्डरांचे १२० तास, फिटरांचे ८० तास, मदतनिसांच्या १० हजेऱ्या आणि सुपरवायझरचे अंदाजे ३० तास लागणार आहेत.

वेल्डरला महिना २०,८०० रुपये पगार आहे. महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे ८ तास धरले तर २०८ तास होतात, म्हणजे तासाला १०० रुपये. फिटरचा पगार २६,००० रुपये, म्हणजे तासाला १२५. सुपरवायझरचा ४१,६०० रुपये, म्हणजे तासाला २००. मदतनीस रोजंदारीवर येतात आणि एका हजेरीला ६०० रुपये घेतात.

नेहमीच्या पद्धतीने अंदाजपत्रक केले तर वेल्डरांचे १२,००० रुपये, फिटरांचे १०,०००, मदतनिसांचे ६,००० आणि सुपरवायझरचे ६,००० अशी ३४,००० रुपये मजुरी येते. हा आकडा पगारपत्रकाशी तंतोतंत जुळतो. काम घ्यावे की नाही याचे उत्तर मात्र त्यातून मिळत नाही. ते मिळवायचे तर एकेका गटाकडे स्वतंत्रपणे पाहावे लागते.

रिकामे बसलेले तास

वर्कशॉपमध्ये पाच वेल्डर आहेत. आठवड्याचे ४८ तास धरले तर दोन आठवड्यांत त्यांचे ४८० तास उपलब्ध होतात. हातातल्या कामाला त्यांतले ४०० पुरतात आणि ८० तास रिकामे जाणार आहेत. या ८० तासांचा पगार मालकाला द्यायचाच आहे. टाकी केली तरी तो जाईल, नाही केली तरी जाईल. त्यामुळे टाकीच्या दृष्टीने या ८० तासांचा संबद्ध खर्च शून्य आहे.

हे शून्य पचायला अवघड जाते. ‘माणूस काम करतोय, पगार घेतोय, मग खर्च नाही कसा?’ असे वाटणे साहजिक आहे. पण खर्च नाही असे इथे म्हटलेलेच नाही. ८० तासांचे ८,००० रुपये हा वर्कशॉपचा खरा खर्च आहे, फक्त तो टाकीमुळे होत नाही. पाच वेल्डर पगारावर ठेवायचे, हा निर्णय कधीच घेतला गेला आणि हे पैसे त्या निर्णयाचे आहेत. टाकीचे काम ते वाढवत नाही आणि कमीही करत नाही.

मात्र या शून्याला एक अट आहे. तो पगार खरोखर टळण्यासारखा नसावा. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम २५-सी प्रमाणे पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात पात्र कामगाराला ले-ऑफ दिला, तर मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई द्यावी लागत असे. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही हेच प्रमाण आहे. समजा, एखादा मोठा कारखाना वेल्डरांना ले-ऑफ देणारच होता आणि केवळ हे काम आल्यामुळे त्याने त्यांना कामावर ठेवले. मग वाचणारा निम्मा पगार आता वाचणार नाही आणि तेवढी रक्कम कामाचा संबद्ध खर्च होते. ‘रिकामा कामगार म्हणजे शून्य खर्च’ हे सूत्र डोळे मिटून लावता येत नाही, ते यामुळे. काम न घेतल्यास त्या पगाराचे काय झाले असते, हे पाहिल्यावरच शून्य लिहावे.

ओव्हरटाइमचे तास

टाकीला वेल्डरांचे १२० तास हवेत आणि रिकामे तास ८०च आहेत. उरलेले ४० तास कुठून तरी आणावे लागतील. एक वाट ओव्हरटाइमची आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५९ नुसार दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम करून घेतले, तर त्या जादा तासांना नेहमीच्या दराच्या दुप्पट मोबदला द्यावा लागत असे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्येही दर दुप्पटच आहे. त्यामुळे वेल्डरच्या ओव्हरटाइमचा तास २०० रुपयांना पडतो आणि ४० तासांना ८,००० रुपये लागतात.

इथे एक चूक हमखास होते. ‘१०० रुपये तर मूळ दरच आहे, जादा फक्त वरचे १०० आहेत’ असे समजून केवळ वरचा फरक कामावर टाकला जातो. हिशेबाच्या पुस्तकात ओव्हरटाइमची ही जादा रक्कम वेगळ्या सदरात दाखवतात, म्हणून हा गोंधळ होतो. प्रत्यक्षात ठरलेल्या पगारात ओव्हरटाइमचा एकही तास धरलेला नसतो. तो तास झाला नसता तर त्याचा एकही रुपया गेला नसता. त्यामुळे पूर्ण २०० रुपये संबद्ध आहेत.

दुसरी वाट बाहेरचा वेल्डर बोलावण्याची. तो तासाला १८० रुपये घेतो, म्हणजे ओव्हरटाइमपेक्षा स्वस्त दिसतो. पण तो आठवड्यापेक्षा कमी बोलीवर येत नाही. ४८ तासांचे ८,६४० रुपये द्यावे लागतील, मग त्यातले ४०च तास उपयोगी पडले तरी चालेल. दरांची तुलना करून भागत नाही, एकूण जाणाऱ्या रकमांची करावी लागते. तशी केली की ८,००० रुपयांचा ओव्हरटाइम स्वस्त ठरतो. हाच नियम नव्या भरतीलाही लागतो. एखाद्या कामासाठी माणूस महिन्याच्या पगारावर घेतला आणि त्याची गरज दोनच आठवडे असली, तरी काम नसते तर तो घेतलाच नसता. त्यामुळे त्याचा महिन्याचा संपूर्ण पगार त्या कामाचा खर्च होतो.

वेल्डरांच्या १२० तासांचा संबद्ध खर्च असा ८,००० रुपये झाला: ८० तासांचे शून्य आणि ४० तासांचे आठ हजार. अंदाजपत्रकात हाच आकडा १२,००० होता.

दुसऱ्या कामावरून काढून आणलेले तास

फिटरांकडे एकही तास रिकामा नाही. त्यांच्याकडून या दोन आठवड्यांत आणखी ४० तासांचा ओव्हरटाइम मिळू शकतो. त्यापुढे कायद्याने घातलेली ओव्हरटाइमची मर्यादा आड येते आणि माणसांचे शरीरही थकते. टाकीला हवेत ८० तास. म्हणजे निदान ४० तास तरी पंपदुरुस्तीवरून काढून टाकीकडे वळवावे लागतील.

वळवलेल्या तासांचा खर्च काढताना पगारपत्रक मुळीच उपयोगी पडत नाही. इथे जास्तीचे पैसे कुणाला दिले जात नाहीत. येणारे पैसे थांबतात. त्यांना ‘संधी-खर्च’ म्हणतात. एका पंपाच्या दुरुस्तीचे वर्कशॉपला ४,२०० रुपये मिळतात. त्यात सुटे भाग, वंगण आणि नेआण यांवर १,८०० रुपये खर्च होतात. उरलेल्या २,४०० रुपयांतून फिटरचा पगार, भाडे आणि नफा भागवायचा असतो. एका पंपाला फिटरचे ८ तास लागतात. म्हणजे फिटरचा एक तास वर्कशॉपला ३०० रुपये आणून देतो. तो तास टाकीला दिला की हे ३०० रुपये बुडतात.

आता पगाराचे काय करायचे? संपूर्ण विषयात सर्वाधिक घोटाळा याच जागी होतो आणि तो दोन्ही दिशांनी होतो.

पुस्तकात पंपदुरुस्तीचा फायदा मांडताना फिटरची मजुरीही वजा केलेली असते. आठ तासांचे १,००० रुपये काढले की पंपामागे १,४०० रुपये, म्हणजे तासाला १७५ रुपये उरतात. हा आकडा पाहून कुणी म्हणतो, एक तास वळवल्याने १७५ रुपयांचे नुकसान झाले. हे उत्तर कमी आहे. पंप न केल्याने सुटे भाग वाचतात, वंगण वाचते, पण फिटरचा पगार वाचत नाही, कारण तो त्या वेळी टाकीवर काम करत असतो आणि पगार घेतच असतो. न वाचणारी मजुरी वजा करून नुकसान लहान दाखवता येत नाही. दुसरा कुणी याच्या उलट चुकतो. तो मजुरी वजा न करता निघालेले ३०० रुपये घेतो आणि वर फिटरचा दर १२५ रुपये मिळवून ४२५ करतो. यात पगार दोनदा मोजला जातो, कारण ३०० रुपयांच्या पोटात तो आधीच आहे.

बरोबर उत्तर दोन रस्त्यांनी काढता येते आणि ते दोन्ही एकाच ठिकाणी पोचतात. मजुरी वजा करण्याआधीचे अंशदान घ्या: ३०० रुपये. किंवा मजुरी वजा केल्यानंतरचे अंशदान घेऊन त्यात मजुरी परत मिळवा: १७५ अधिक १२५, म्हणजे पुन्हा ३०० रुपये. हातातला अंशदानाचा आकडा मजुरीच्या आधीचा आहे की नंतरचा, एवढे एक विचारून घेतले की ही चूक टळते.

फिटरांसाठी आता तीन वाटा समोर आहेत. ओव्हरटाइमचा तास दुप्पट दराने २५० रुपयांना, पंपावरून वळवलेला तास ३०० रुपयांना, आणि हंगामाआधीच्या या गर्दीत बाहेरचा फिटर तासाला ३५० रुपये मागतो. आधी सर्वांत स्वस्त वाट जिथवर पुरेल तिथवर वापरायची आणि मग तिच्या पुढची. म्हणून ४० तास ओव्हरटाइमचे, त्यांचे १०,००० रुपये. उरलेले ४० तास पंपांवरून वळवायचे. तेवढ्या वेळात पाच पंप झाले असते, त्यांचे १२,००० रुपये बुडतील. एकूण २२,००० रुपये. अंदाजपत्रकात फिटरांसाठी १०,००० धरले होते, म्हणजे खऱ्या खर्चाच्या निम्म्याहूनही कमी.

पंप खरोखर बुडतात का, हेही तपासावे लागते. गिऱ्हाईक पंधरा दिवस थांबायला तयार असेल आणि त्या वेळी फिटर मोकळे असतील, तर काम फक्त पुढे जाते आणि १२,००० रुपयांचे नुकसान होत नाही. इथे तसे होणार नाही, कारण साखर कारखान्याला हंगामाआधी पंप परत हवाच असतो. या वर्कशॉपने नाही म्हटले तर तो दुसरीकडे जातो. गिऱ्हाईक थांबते की जाते, एवढ्या एका गोष्टीवर वळवलेल्या तासाची किंमत ३०० रुपयांवरून शून्याजवळही येऊ शकते.

हजेरीवरचे मदतनीस आणि पगारी सुपरवायझर

मदतनिसांचा हिशेब सरळ आहे. बोलावले तर येतात आणि आल्याचेच पैसे घेतात. टाकी केली नाही तर त्यांच्या १० हजेऱ्या भरणार नाहीत, म्हणून ६,००० रुपये पूर्णपणे संबद्ध आहेत. वेल्डरचे ८० तास फुकट आणि मदतनिसाची हजेरी पूर्ण पैशांची, हा फरक कौशल्याचा नसून मोबदल्याच्या बोलीचा आहे.

नगावर पैसे घेणाऱ्या कामगाराचेही बहुतेक असेच असते. त्याला किमान रोजाची हमी असली तर मात्र हिशेब थोडा बदलतो. काम नसताना त्याला ५०० रुपये मिळणारच असतील आणि नव्या कामामुळे त्याची कमाई ८०० झाली, तर वरचे ३०० रुपये तेवढे संबद्ध धरायचे.

सुपरवायझरच्या ३० तासांचे अंदाजपत्रकात ६,००० रुपये धरले होते. त्याला टाकीसाठी वेगळे काही मिळणार नाही आणि त्याचे दुसरे कामही अडणार नाही, म्हणून इथे शून्य. या कामासाठी त्याला बक्षिसी कबूल केली असती, तर ती तेवढी रक्कम धरावी लागली असती.

बेरीज आणि कमीत कमी किंमत

वेल्डर ८,०००, फिटर २२,०००, मदतनीस ६,००० आणि सुपरवायझर शून्य मिळून ३६,००० रुपये संबद्ध मजुरी होते. पत्रा, वेल्डिंग रॉड, गॅस, वीज यांना २,४०,००० रुपये लागणार असतील, तर टाकीची कमीत कमी किंमत २,७६,००० रुपये ठरते. याहून एक रुपयाही कमी मिळाला तर काम न घेतलेले बरे.

पुस्तकी पद्धतीत मालाच्या रकमेत ३४,००० रुपये मजुरी आणि मजुरीच्या निम्म्या प्रमाणात वरखर्च, म्हणजे १७,००० रुपये मिळवले, तर २,९१,००० होतात. साखर कारखाना २,८०,००० रुपये देऊ करतो असे धरू. पुस्तक ११,००० रुपयांचा तोटा दाखवते आणि काम परत जाते. प्रत्यक्षात काम घेतल्याने ४,००० रुपयांचा फायदा होणार होता. भाडे, विमा, कार्यालयाचा पगार हा वरखर्च टाकीमुळे वाढत नाही, म्हणून तो वाटून टाकण्याचे या निर्णयापुरते कारण नाही.

३४,००० आणि ३६,००० हे आकडे इथे जवळजवळ आले, तो योगायोग आहे. तीच टाकी डिसेंबरात आली असती तर पाहा. पाऊस संपून शेडची कामे जोरात असतात, वेल्डर पूर्ण गुंतलेले असतात आणि १२० तास ओव्हरटाइमनेच भरावे लागतात: २४,००० रुपये. गळीत सुरू झाल्याने कारखान्यांचे पंप चालू असतात आणि दुरुस्ती कमी असते. फिटरांचे ८० तास रिकामे मिळाले तर शून्य. मदतनिसांचे ६,००० मिळवून मजुरी ३०,००० रुपये होते. आणि दोन्ही गट रिकामे असतील अशा एखाद्या मंदीच्या महिन्यात त्याच टाकीची संबद्ध मजुरी अवघी ६,००० रुपये भरते. तीच माणसे, तेच तास, तेच दर, तरी तीन वेगवेगळी उत्तरे. पुस्तकी हिशेब मात्र तिन्ही वेळा ३४,००० रुपयेच सांगतो.

जॉन मॉरिस क्लार्क या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९२३ साली वरखर्चाच्या अर्थशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात वेगवेगळ्या उद्देशांसाठी खर्चही वेगवेगळे असतात, हा विचार मांडला. मजूर काम करो वा न करो, त्याचे आणि त्याच्या घराचे पोट चालवण्याचा खर्च थांबत नाही, म्हणून समाजाच्या दृष्टीने मजुरी हासुद्धा एक प्रकारचा वरखर्चच आहे, हेही त्याने दाखवून दिले. रिकाम्या दिवसांचा भार रोजंदारीत मजुराच्या घरावर पडतो, ठरलेल्या पगारात तो मालक उचलतो. वेल्डरच्या रिकाम्या तासापुढे लिहिलेले शून्य म्हणजे मालकाने आधीच उचललेला हा भार आहे.

ओव्हरटाइम कोणत्या कामामुळे झाला

दुप्पट मजुरी कोणत्या कामावर टाकायची, हे घड्याळाकडे पाहून ठरत नाही. टाकीचे काम सकाळच्या पाळीत झाले आणि तिच्यामुळे मागे पडलेले गेटचे काम संध्याकाळी ओव्हरटाइममध्ये पुरे केले, असे समजू. हजेरीपत्रकावर ओव्हरटाइम गेटच्या नावावर चढतो आणि टाकी साध्या दरात झाल्यासारखी दिसते. पण टाकी नसती तर गेट दिवसाच झाले असते आणि ओव्हरटाइम लागलाच नसता. तो पूर्ण खर्च टाकीचाच आहे. याउलट नेहमीच्या कामासाठी ठरलेला ओव्हरटाइम होणारच होता आणि टाकी रिकाम्या हातांनी संध्याकाळी झाली म्हणून तो काही वाढला नाही, तर टाकीवर त्याचा बोजा नाही. टाकीसह आणि टाकीविना अशी दोन महिन्यांची दोन पगारपत्रके मनात मांडली आणि त्यांतला फरक काढला, की हा प्रश्न सुटतो.

रिकामा वेळ ओळखायचा कसा

सगळा हिशेब रिकाम्या तासांच्या खरेपणावर उभा आहे आणि रिकामा वेळ सहसा उघड दिसत नाही. काम कमी असले की हातातले काम सावकाश होते आणि पाचही वेल्डर दिवसभर कामात दिसतात. म्हणून मस्टरवरचे तास आणि जॉब कार्डवरचे तास शेजारी ठेवून पाहावे लागतात. मस्टरवर ४८० तास आहेत. आधी केलेल्या तशाच कामांच्या गतीने हातातल्या कामांना ४०० तास पुरेसे असतील, तर रिकामे तास ८० आहेत. जॉब कार्डवर ४६० तास चढलेले असले तरीही हेच खरे धरायचे. काही दिवसांसाठी एका वेल्डरला दुसरीकडे लावून पाहणे ही याहून साधी परीक्षा. गेटांचा नग कमी झाला नाही, तर ते तास रिकामेच होते. कमी झाला, तर ते रिकामे नव्हते आणि बुडालेल्या नगांचा फायदा संधी-खर्च म्हणून धरावा लागतो.

रिकामा वेळ योग्य दिवशी आणि योग्य हातांत असावा लागतो. वेल्डर रिकामा आहे म्हणून फिटरचे काम त्याच्याकडून होत नाही, आणि झालेच तर जास्त वेळ लागतो आणि ते बिघडण्याची भीती असते. पुढच्या आठवड्यातले रिकामे तास या आठवड्यातली घाई भागवत नाहीत. मंदीतल्या रिकाम्या वेळात यंत्रांची देखभाल ठरलेली असेल आणि टाकीमुळे ती बाहेरच्या माणसाकडून करून घ्यावी लागली, तर त्या माणसाचे पैसेही टाकीच्या खात्यात जातात.

या हिशेबाची मर्यादा

संबद्ध खर्चाने एकच गोष्ट कळते: हे एक काम, या स्थितीत, घेतल्याने वर्कशॉपची बाजू सुधारेल की बिघडेल. नेहमीच्या दराचे उत्तर त्यात नाही. पाच वेल्डरांचा महिन्याचा पगार १,०४,००० रुपये आहे आणि तो कोणत्या तरी कामांतून निघालाच पाहिजे. प्रत्येक काम ‘मजुरी शून्य’ धरून घेतले तर प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे बरोबर वाटेल आणि वर्षअखेर पगाराचे पैसे उभे राहणार नाहीत. नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या कानावर हा कमी दर गेला आणि त्याने तोच मागितला, तर त्यातले नुकसानही या कामाच्या हिशेबात यायला हवे.

काळ लांबला की ठरलेला पगारही ठरलेला राहत नाही. दोन आठवड्यांसाठी वेल्डरांची संख्या बदलत नाही. पण अशीच कामे वर्षभर मिळणार असतील, तर निवृत्त होणाऱ्या वेल्डरच्या जागी नवा माणूस घ्यायचा की नाही, याचा निर्णय त्या कामांवर अवलंबून राहतो. मग त्याचा पगार त्या कामांशी संबद्ध होतो. ऑगस्टातल्या एका टाकीसाठी शून्य असलेला तास वर्षभराच्या करारात शंभर रुपयांचा ठरतो.